ॲपमध्ये 'सक्सेसफुल' येतं पण फोनवर काहीच बदलत नाही? स्टोअरला जायच्या आधी हे बघा

ऑपरेटरच्या ॲपबद्दलची सगळ्यात कॉमन तक्रार अशी असते की सेटिंग बदललं, हिरवी टिक आली, कन्फर्मेशनचा मेसेजपण आला आणि फोन मात्र आहे तसाच. त्याहून वैताग म्हणजे बदल होतो, थोडे दिवस नीट चालतं आणि मग आपोआप पहिल्यासारखं होतं. मग माणूस स्टोअर गाठतो, टोकन घेऊन बसतो, आणि काउंटरवरचा मुलगा त्याच्या टॅबवर जवळपास तीच स्क्रीन उघडून तेच बटण परत दाबतो. बऱ्याच केसेसमध्ये ही फेरी वाचते, फक्त ॲपचा हात नक्की कुठपर्यंत पोचतो ते माहीत पाहिजे.

तुमच्या कनेक्शनची सेटिंग्ज तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसलेली असतात. एक म्हणजे तुमचं खातं, तिथे प्लॅन, पॅक, बिल, कोणती सर्व्हिस घेतलीये हे सगळं. दुसरं नेटवर्कमधलं तुमच्या नंबरचं रेकॉर्ड, ज्यात रोमिंग चालू की बंद, कॉल कुठे फॉरवर्ड करायचा, कोणते कॉल अडवायचे हे लिहिलेलं असतं आणि टॉवरकडची सिस्टीम त्यावरूनच वागते. तिसरा तुमचा फोन. ॲप थेट लिहितं ते फक्त पहिल्या ठिकाणी. तिथून ऑर्डर दुसऱ्या ठिकाणी जाते, बहुतेक वेळा लगेच, कधी कधी अडकून पडते. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये, ॲप साधारणपणे हात घालतच नाही. त्यामुळे 'सक्सेसफुल' म्हणजे पहिल्या ठिकाणी नोंद झाली, एवढंच. पुढचं तुम्हाला बघायला लागतं.

पण सगळ्यात आधी एक चेक करा, हसू नका, यात भरपूर लोक अडकतात: ॲप नक्की कोणत्या नंबरवर उघडलंय? बऱ्याच ऑपरेटरांचं ॲप मोबाईल डेटावर उघडलं की ओटीपी न मागताच लॉगिन होतं, कारण डेटा कोणत्या लाईनवरून येतोय ते नेटवर्कलाच दिसतं आणि ते ॲपला नंबर कळवतं. आता फोनमध्ये एकाच कंपनीची दोन सिम असतील आणि डेटा दुसऱ्या सिमवर असेल तर ॲप त्या दुसऱ्या नंबरचं खातं उघडतं, दिसायला सगळं सारखंच, आणि तुम्ही आरामात चुकीच्या नंबरवर रोमिंग चालू करून मोकळे होता. घरातल्या सगळ्यांचे नंबर एकाच लॉगिनला जोडलेले असतील तर अजूनच. वर कोपऱ्यात नंबर दिसतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा आणि मगच पुढे जा. हवा तो नंबर येत नसेल तर वायफायवर जाऊन लॉगआउट करा आणि नंबर हाताने टाकून ओटीपीने लॉगिन करा.

दुसरं, ॲपमधले शब्द नीट वाचा. 'रिक्वेस्ट सबमिट झाली' आणि 'ॲक्टिव्ह आहे' यात फरक आहे. ऑर्डर किंवा रिक्वेस्ट हिस्टरी असा एक भाग बहुतेक ॲपमध्ये असतो, कुठेतरी प्रोफाईलच्या आत लपवलेला, तिथे जाऊन 'पेंडिंग' दिसतंय का ते बघा. एक ऑर्डर पेंडिंग असताना तुम्ही त्याच नंबरवर दुसरी टाकली तर बऱ्याच सिस्टीम ती नाकारतात किंवा रांगेत ढकलतात, आणि बिचारा माणूस काही होत नाहीये म्हणून चालू-बंद-चालू-बंद करत राहतो आणि रांग वाढत जाते. एकदा दाबा आणि थांबा. आणि पोस्टपेडचा प्लॅन बदलला असेल तर तो अनेकदा पुढच्या बिल सायकलपासून लागू होतो, म्हणजे ती अडचण नाहीच, तारीख यायचीय इतकंच. ही तारीख कन्फर्म करायच्या आधीच्या स्क्रीनवर बारीक अक्षरात लिहिलेली असते जी कोणी वाचत नाही.

ॲपमध्ये ॲक्टिव्ह दिसतंय, नंबरपण बरोबर आहे आणि तरी फोनवर काही नाही, अशा वेळी एअरप्लेन मोड चालू करून अर्धा मिनिट थांबा आणि बंद करा. यात जादू नाही, फोन नेटवर्कला नव्याने रजिस्टर होतो आणि तेव्हा नेटवर्क तुमचं ताजं रेकॉर्ड वाचतं. नुसता डेटा बंद-चालू करून हे होईलच असं नाही. एवढं करूनही हाललं नाही तर मग खरी शोधाशोध.

आता कॉल फॉरवर्डिंगची एक केस सविस्तर सांगतो, कारण 'परत परत होतं' वाला प्रकार यात सगळ्यात जास्त दिसतो आणि ॲप यात चक्क अर्धवट माहिती दाखवतं.

आमच्या मामांचा फोन. तक्रार अशी की त्यांना फोन केला की कधी लागतो, कधी भलताच माणूस उचलतो आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवून देतो. मामी म्हणाल्या सिम हॅक झालंय, नवीन घ्या. मामांनी ॲपमध्ये बघितलं तर कॉल फॉरवर्डिंग बंद. तरी खात्री म्हणून चालू करून परत बंद केलं, दोन-चार दिवस ठीक आणि मग पुन्हा तोच अनोळखी माणूस, जो आता मामांच्या नातेवाईकांना आवाजावरून ओळखायला लागला होता.

इथे कळीचा प्रश्न एकच होता, भलता माणूस नेमका कधी उचलतो? मामांना विचारलं, 'मामा, तुम्ही तेव्हा कुठे असता?' तर उत्तर आलं की पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये किंवा फोन चार्जिंगअभावी बंद असताना. म्हणजे फोन नेटवर्कमध्ये नसताना. इथेच उलगडा व्हायला लागला, कारण फॉरवर्डिंग एक नसतं, चार असतात. सगळेच कॉल वळवणं हे एक, त्यात फोन वाजतच नाही. बाकीचे तीन म्हणजे लाईन बिझी असेल तर, उचलला नाही तर आणि फोन पोचण्याच्या बाहेर असेल तर. अनेक ॲप फक्त पहिल्याचं बटण दाखवतात. मामांच्या ॲपमध्येपण तेच होतं, त्यामुळे 'बंद' हे उत्तर खरं होतं पण प्रश्न वेगळ्याचाच होता.

ॲपवर न विसंबता नेटवर्कच्या रेकॉर्डमध्ये काय लिहिलंय ते डायलरमधून विचारता येतं. हे कोड जीएसएम स्टँडर्डमधले आहेत त्यामुळे बहुतेक नेटवर्कवर तेच चालतात. नंबर डायल करतो तसे टाकायचे आणि कॉलचं बटण दाबायचं:

```
*#21#   सगळे कॉल
*#67#   बिझी असताना
*#61#   उचलला नाही तर
*#62#   पोचण्याच्या बाहेर
```

स्क्रीनवर व्हॉइस, डेटा, फॅक्स, एसएमएस अशी यादी येते, त्यात व्हॉइसपुढे काय लिहिलंय तेवढंच बघा. मामांच्या फोनवर `*#21#` ला सगळं बंद, आणि `*#62#` ला एक नंबर. तो नंबर मामांचाच होता, पूर्वीचा, जो त्यांनी कधीच बंद केला होता. बंद केलेला नंबर काही काळाने ऑपरेटर दुसऱ्या कोणाला देतो, तो त्या राँग नंबरवाल्या गृहस्थांना मिळाला होता. त्या माणसाची काहीच चूक नव्हती, उलट तोच जास्त वैतागलेला.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. `*#61#` किंवा `*#62#` ला नंबर दिसला म्हणून लगेच घाबरू नका, व्हॉइसमेल चालतो तोच मुळी फॉरवर्डिंगवर, त्यामुळे तिथे ऑपरेटरचा व्हॉइसमेल नंबर असणं नॉर्मल आहे. आधी तो नंबर कोणाचा ते बघा, मग काढा. `*#21#` ला मात्र तुम्ही स्वतः न टाकलेला नंबर दिसला तर ते सिरियस घ्या, फसवणारे लोक 'कुरिअर कन्फर्म करायला हा कोड दाबा' असं सांगून `**21*` ने सुरू होणारा कोड दाबायला लावतात आणि मग तुमचे सगळे कॉल, त्यात कॉलवर सांगितला जाणारा ओटीपीपण, त्यांच्याकडे जातो. एसएमएस यातून वळत नाहीत, फक्त कॉल.

मामांचं `##62#` ने काढलं, परत `*#62#` ने बघितलं, बंद. झालं असं वाटलं, पण आधीपण दोन-चार दिवस ठीकच चालायचं ना, म्हणून तिथे थांबून उपयोग नव्हता. नेटवर्कमधलं रेकॉर्ड आपोआप बदलत नाही, कोणीतरी ते लिहितं. ॲप लिहीत नव्हतं, मामा लिहीत नव्हते, म्हणजे राहिला फोन. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये गेल्यावर सापडलं: दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एक सोय असते की एक सिम रेंजमध्ये नसेल तर त्याचा कॉल दुसऱ्या सिमवर वळवायचा. ही मामांनी कधीकाळी चालू केली होती, तेव्हा दुसऱ्या सिमचा नंबर हाताने टाकायला लागला होता. नंतर दुसरं सिम बदललं, नंबर बदलला, पण त्या चौकटीतला जुना नंबर तसाच राहिला. आणि फोन रीस्टार्ट झाला की तो इमानेइतबारे तोच जुना नंबर नेटवर्कला परत लिहून द्यायचा. मामांचा फोन चार्जिंग संपून अधूनमधून बंद पडायचा, म्हणून ते 'दोन-चार दिवस'.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी फोनमधली ती सोय बंद करायची, मग `##62#`, मग फोन रीस्टार्ट, मग `*#62#` ने परत बघायचं. रीस्टार्टनंतरही बंद दिसलं तर खरंच बंद. उलट्या क्रमाने केलं तर परत येणार. हे सगळं केल्यावर मामांचा व्हॉइसमेल रेंजबाहेर असताना चालेना, कारण त्या जागी आता कुठलाच नंबर नव्हता, तो ॲपमधून व्हॉइसमेल बंद करून परत चालू केल्यावर आला. नेटवर इतरत्र `##002#` दाबा म्हणून सल्ला देतात, त्याने चारही फॉरवर्डिंग एकदम उडतात, व्हॉइसमेलसकट, म्हणून मी तो शेवटचा उपाय म्हणून ठेवतो.

कोड टाकल्यावर 'कनेक्शन प्रॉब्लेम किंवा चुकीचा एमएमआय कोड' आला तर कोड चुकला असंच नाही. फोरजीवरून व्हॉइस कॉल होणाऱ्या, म्हणजे व्होल्टीच्या, लाईनवर फोन हे काम अनेकदा डेटाच्या रस्त्याने करतो, त्यामुळे मोबाईल डेटा बंद असेल किंवा डेटा दुसऱ्या सिमवर असेल तर काही फोनमध्ये हे अडतं. त्या सिमवर डेटा चालू करून बघा, वायफाय बंद करा, तरी नाही झालं तर थोडा वेळ व्होल्टी बंद करून जुन्या नेटवर्कवर, जिथे ते अजून चालू असेल तिथे, ट्राय करा. तेही नाही तर फोनच्याच कॉल सेटिंगमधल्या फॉरवर्डिंगच्या मेन्यूतून करा, तिथे चारही प्रकार वेगवेगळे दिसतात.

रोमिंगची गोष्टपण याच तीन ठिकाणांची. खात्यात पॅक पाहिजे, नेटवर्कच्या रेकॉर्डमध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू पाहिजे, आणि फोनमध्ये डेटा रोमिंगचं बटण चालू पाहिजे, जे बहुतेक फोनमध्ये बाय डिफॉल्ट बंद असतं. ओळखायची सोपी खूण: तिकडे उतरल्यावर परक्या नेटवर्कचं नाव दिसतंय आणि कॉल, एसएमएस चालू आहेत पण इंटरनेट नाही, तर बहुधा फोनमधलं बटण किंवा पॅकचा घोळ. दांड्याच नाहीत, 'नो सर्व्हिस' किंवा फक्त 'इमर्जन्सी कॉल', तर रेकॉर्डमध्येच रोमिंग चालू झालेलं नाही असं धरून चाला, किंवा नेटवर्क निवड मॅन्युअलवर अडकलीये ती ऑटोमॅटिक करा.

यातला खरा सापळा ॲपचाच आहे. रोमिंग चालू करायला ॲप पाहिजे, ॲपला लॉगिन करायला ओटीपी पाहिजे, आणि ओटीपी येणार त्याच सिमवर ज्याचं रोमिंग चालू नाही. हॉटेलच्या वायफायवर बसून ॲप सुंदर उघडतं आणि ओटीपीच्या स्क्रीनवर अडकून बसतं. म्हणून निघायच्या आधी ॲपमध्ये ईमेल किंवा पासवर्डने लॉगिनची सोय असेल तर ती करून ठेवा, लॉगआउट करू नका, आणि ॲप तेवढ्यात अपडेट करायचा मोह टाळा कारण काही ॲप अपडेटनंतर परत लॉगिन मागतात. अडकलाच तर घरच्या कोणाला तुमच्या खात्याशी जोडलेल्या दुसऱ्या नंबरवरून तेच बटण दाबायला सांगता येतं, पण त्यासाठी ते आधी जोडलेलं पाहिजे. काही ऑपरेटर वायफाय कॉलिंगवरून एसएमएसपण पोचवतात, तेही निघायच्या आधीच चालू करून ठेवायचं असतं.

फोन बदलून ई-सिम हलवायचं असेल तर ॲपमधून होतं पण त्यात घाई नडते. क्यूआर कोड किंवा ॲक्टिव्हेशन कोड बहुतेक वेळा एकदाच वापरता येतो, त्यामुळे जुन्या फोनमधून ई-सिम आधी डिलीट करून मग तोच जुना क्यूआर नव्या फोनवर स्कॅन करणं हा हमखास फसणारा मार्ग. जुना फोन चालू ठेवायचा, ॲपमध्ये नव्याने ई-सिमची रिक्वेस्ट टाकायची, ओटीपी जुन्या फोनवर येतो तो घ्यायचा, नवा फोन वायफायवर ठेवून प्रोफाईल डाउनलोड करायचं, कारण मध्ये कधीतरी जुनी लाईन बंद पडते आणि तेव्हा डेटा कुठलाच नसतो. नव्या फोनवरून एक कॉल बाहेर करा, एक आत घ्या, आणि मगच जुन्यातलं डिलीट करा. ॲप ईआयडी, म्हणजे फोनमधल्या ई-सिमचा ओळख नंबर, मागत असेल तर `*#06#` डायल केल्यावर आयएमईआयच्या सोबत तो दिसतो, ३२ आकडी असतो, नव्या फोनचाच टाका.

पिन तीनदा चुकून सिम लॉक झालं तरी लगेच पळायची गरज नाही. लॉक उघडणारा आठ आकडी कोड, म्हणजे पीयूके, बऱ्याच ॲपमध्ये सिमच्या माहितीखाली लिहिलेला असतो, दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून लॉगिन करून बघता येतो, अर्थात इथेपण ओटीपी लॉक झालेल्या सिमवरच जाणार असेल तर ईमेल लॉगिनशिवाय पर्याय नाही. फक्त अंदाजाने पीयूके टाकत बसू नका, दहादा चुकला की ते सिम कायमचं गेलं आणि नवीनच घ्यायला लागतं.

स्टोअरमध्ये जायलाच लागतं अशी कामं खरं तर मोजकीच उरतात. नंबर दुसऱ्याच्या नावावर करणं, गेलेल्या माणसाच्या नावावरचा नंबर, आणि सिम हरवलंय आणि खात्याला ईमेल किंवा दुसरा नंबर काहीच जोडलेला नाही अशी अवस्था. या सगळ्यात तुम्ही तुम्हीच आहात हे ऑपरेटरला पटवायचं असतं आणि ॲप ते फक्त ओटीपीवरून ओळखतं. काही ऑपरेटर व्हिडिओवर ओळख पटवतात, म्हणून निघायच्या आधी ॲपमध्ये तो पर्याय आहे का ते बघून घ्या.

आणि कस्टमर केअरला लिहायची वेळ आली तर 'रोमिंग चालत नाही' एवढंच लिहू नका, त्यावर 'फोन रीस्टार्ट करा' हेच उत्तर येणार. ऑर्डर नंबर द्या, ॲपमध्ये ॲक्टिव्ह दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट जोडा, एअरप्लेन मोड आणि दुसऱ्या फोनमध्ये सिम टाकून बघितलंय हे लिहा आणि सरळ विचारा की माझ्या नंबरच्या नेटवर्क रेकॉर्डमध्ये ही सर्व्हिस खरंच चालू झालीये का, नसेल तर परत पुश करा. दुसऱ्या फोनमध्येपण तेच होतंय ही ओळ सगळ्यात कामाची, कारण मग दोष तुमच्या हँडसेटवर ढकलता येत नाही आणि तिकीट पुढच्या टीमकडे जातं.